०.८३ आला म्हणून फवारणी गुन्हेगार ठरत नाही: सहसंबंध गुणांक कसा वाचायचा

आंबा उतरायला लागला की देवगडकडच्या बैठकांत एकच विषय असतो, फुलकिडे. कोवळ्या फळाची साल हे किडे खरवडतात. फळ मोठं होतं तसे ते ओरखडे तपकिरी, खरखरीत चट्टे होतात, आणि आतून आंबा कितीही गोड असला तरी तो पेटीतून निघून कॅनिंगच्या ढिगात जातो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी वही घेऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की ज्या बागेत फवारण्या जास्त तिथे चट्टेही जास्त, सहसंबंध ०.८३ आहे, म्हणजे फवारणीच फुलकिडे वाढवते.

मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "अरे झिला, ताप इलो म्हणान गोळी घेतलंस, की गोळी घेतलंस म्हणान ताप इलो?"

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन गणित तीनदा तपासलं, त्यात चूक नव्हती. चूक उत्तर आल्यानंतर झाली होती. गटाची नोंदवही सांभाळणाऱ्यांना किंवा कृषी पदविकेचा प्रकल्प करणाऱ्यांना तीच चूक पुन्हा करावी लागू नये, म्हणून तो सगळा हिशोब इथे पायरीपायरीने मांडतो. बागांची नावं काढली आहेत आणि भागाकार सुटसुटीत यावा म्हणून आकडे थोडे बसवून घेतले आहेत. त्यामुळे हे उदाहरण समजा, फुलकिड्यांवरचं संशोधन नव्हे.

## काय काय लागेल

- एकाच हंगामातली नोंद, दर बागेमागे एक ओळ
- आलेखाचा कागद आणि पेन्सिल
- वर्गमूळाचं बटण असलेला कॅल्क्युलेटर किंवा मोबाइलवरची स्प्रेडशीट
- ओळीच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक रुंद रकाना

शेऱ्याचा रकाना मी आखला होता, पण भरला नव्हता. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

## १. जोड्या लावा

सहसंबंध नेहमी जोड्यांवर काढतात. माझ्या वहीत आठ बागा होत्या. दर बागेत मोहोरापासून काढणीपर्यंत किती फवारण्या झाल्या हा पहिला आकडा. काढणीच्या वेळी पाच झाडांवरून प्रत्येकी पाच, म्हणजे २५ फळं घेतली आणि त्यातल्या चट्टेवाल्या फळांची टक्केवारी काढली, तो दुसरा.

| बाग | फवारण्या | चट्टेवाली फळं (%) |
|---|---|---|
| १ | ३ | १२ |
| २ | ४ | १६ |
| ३ | ४ | १२ |
| ४ | ५ | ८ |
| ५ | ७ | ३२ |
| ६ | ८ | २४ |
| ७ | ८ | २८ |
| ८ | ९ | २८ |

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, फळं कशी निवडली. हाताशी येतील ती घेतली तर खालच्या फांद्यांचीच येतात. म्हणून झाडाच्या चारही अंगांची आणि मधली अशी घ्यायची हे आधी ठरवून टाका. दुसरं, २५ फळांत एक फळ इकडचं तिकडे झालं की टक्केवारी ४ ने हलते. त्यामुळे १२ आणि १६ मधल्या फरकावर फार विसंबू नका, तो एका आंब्याचा फरक आहे.

एखाद्या बागेची नोंद मिळाली नसेल तर ती जागा रिकामी ठेवा. तिथे शून्य लिहिलंत तर 'एकही फवारणी नाही' असा त्याचा अर्थ होतो आणि गुणांक भलतीकडे जातो.

## २. आधी ठिपके मांडा, मग गणित

आडव्या रेघेवर फवारण्या, उभ्या रेघेवर चट्टे घ्या आणि आठ ठिपके मांडा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही, थेट सूत्राकडे गेलो.

ठिपके यासाठी, की हा गुणांक फक्त सरळ रेषेतली चाल ओळखतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्या वेळात दर अर्ध्या तासाने जेटीच्या खांबावर पाण्याची उंची मोजली, तर पाणी आधी उतरत जातं आणि मग तेवढंच चढतं. वेळ आणि उंची यांचा सहसंबंध काढला तर तो जवळजवळ शून्य येईल, कारण उतरण आणि चढण एकमेकांना खाऊन टाकतात. आणि तरी त्याच वेळापत्रकावर होडी खाडीत आत-बाहेर करते. शून्य आला म्हणजे नातं नाही असं नसतं, सरळ रेषेतलं नातं नाही एवढंच.

माझ्या बागांचे ठिपके मांडलेत तर तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल. खाली डावीकडे चार ठिपक्यांचा एक घोळका, वर उजवीकडे चारांचा दुसरा, आणि मधे रिकामी जागा. ती रिकामी जागा लक्षात ठेवा.

## ३. गुणांक काढा

दोन्ही रकान्यांची सरासरी काढा. फवारण्यांची ६ येते, चट्ट्यांची २०. मग प्रत्येक आकडा आपल्या सरासरीपासून किती वर किंवा खाली आहे ते लिहा, आणि त्या दोन फरकांचा गुणाकार करा.

| बाग | फवारणीचा फरक | चट्ट्यांचा फरक | गुणाकार |
|---|---|---|---|
| १ | −३ | −८ | २४ |
| २ | −२ | −४ | ८ |
| ३ | −२ | −८ | १६ |
| ४ | −१ | −१२ | १२ |
| ५ | १ | १२ | १२ |
| ६ | २ | ४ | ८ |
| ७ | २ | ८ | १६ |
| ८ | ३ | ८ | २४ |

गुणाकारांची बेरीज १२०. फवारणीच्या फरकांचे वर्ग करून बेरीज ३६, चट्ट्यांच्या फरकांच्या वर्गांची ५७६. आता ३६ चं वर्गमूळ ६, ५७६ चं २४, आणि ६ गुणिले २४ म्हणजे १४४. शेवटी १२० भागिले १४४, उत्तर ०.८३.

हे एकदा हाताने केलंत की सूत्रामागचा विचार आपोआप कळतो. दोन्ही आकडे एकाच वेळी सरासरीच्या वर किंवा एकाच वेळी खाली असले तर गुणाकार धन येतो. एक वर आणि दुसरा खाली असला तर ऋण येतो. माझ्या यादीत आठही गुणाकार धन आहेत, म्हणून बेरीज एवढी फुगली. खालचा १४४ हा त्या बेरजेला एका मापात आणतो, त्यामुळे उत्तर −१ आणि +१ च्या बाहेर कधीच जात नाही. तुमचं १.२ आलं असेल तर बेरीज चुकली आहे, वेगळं कारण शोधत बसू नका.

शीटमध्ये हेच काम एका ओळीत होतं:

```
=CORREL(B2:B9,C2:C9)
```

एवढंच बघा, की आकडे आपणहून खान्याच्या उजव्या कडेला गेलेत. डावीकडे चिकटलेला आकडा शीटच्या लेखी बहुधा अक्षर असतो, आणि ती ओळ हिशोबातून गुपचूप गळते.

## ४. आलेला आकडा वाचा

चिन्ह दिशा सांगतं. धन म्हणजे दोन्ही बरोबर वाढतात, ऋण म्हणजे एक वाढताना दुसरं घटतं. आकार सांगतो, की ठिपके सरळ रेषेला किती चिकटून आहेत. १ म्हणजे सगळे रेषेवर, ० म्हणजे सरळ रेषेचा काही पत्ता नाही.

रेषा किती चढी आहे हे मात्र तो सांगत नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. करून बघा. सगळ्या बागांतले चट्टे दुप्पट समजा, २४, ३२, २४, १६ असे. नुकसान दुप्पट झालं, पण गुणांक ०.८३ चा ०.८३ च राहतो. चढ वेगळा काढावा लागतो. १२० भागिले ३६, म्हणजे फवारणी एकने जास्त असलेल्या बागेत चट्टे सरासरी ३.३ टक्क्यांनी जास्त. 'जास्त असलेल्या बागेत' हे शब्द मी मुद्दाम वापरले. 'फवारणी एकने वाढवली तर' असं म्हटलं की वाक्य वेगळं झालं आणि त्याला या वहीत आधार नाही. बैठकीत मी नेमकं तेच वाक्य बोललो होतो.

०.८३ चा वर्ग ०.६९. त्याचं वाचन असं: बागाबागांतल्या चट्ट्यांच्या चढउतारापैकी सुमारे ६९ टक्के भाग या सरळ रेषेशी जुळतो. '६९ टक्के चट्टे फवारणीमुळे' असं ते वाचलंत तर तुम्ही माझ्याच खुर्चीवर येऊन बसलात.

हा आकडा निव्वळ योगायोगाने आला असेल का? त्यासाठी तक्ते असतात. आठ जोड्या असतील तर पाच टक्क्यांच्या पातळीवर उंबरठा ०.७०७ आहे. म्हणजे मुळात काही नातं नसताना, नेहमीची गृहीतकं धरून, इतका किंवा याहून मोठा गुणांक (धन किंवा ऋण) शंभरातल्या पाचच वेळा हाती लागेल. माझा ०.८३ उंबरठ्याच्या वर होता, आणि त्याच जोरावर मी छाती काढून उभा राहिलो. पण तक्ता फक्त योगायोगाबद्दल बोलतो. नातं योगायोगाचं नसलं, तरी ते कशामुळे आहे हा प्रश्न तसाच उरतो.

## ५. रकान्यांची अदलाबदल करून बघा

काकांच्या तापाच्या गोळीचा मुद्दा इथे येतो. वरच्या गणितात फवारणीच्या जागी चट्टे आणि चट्ट्यांच्या जागी फवारणी ठेवा. गुणाकार तेच, बेरजा त्याच, उत्तर ०.८३. कोण आधी आणि कोण नंतर हे सूत्राला ठाऊकच नसतं. मग त्याच्या उत्तरातून दिशा कशी निघणार?

बागेत जाऊन बघितलं तर उलटी दिशा सहज दिसते. मोहोर पांढऱ्या कागदावर झटकायचा, किती फुलकिडे पडतात ते बघायचं, आणि बरेच पडले तर पंप काढायचा. किडे दिसले म्हणून फवारणी झाली. ज्याच्या बागेत किडे नाहीत तो कशाला औषधावर पैसे घालवील?

दिशा तपासायला तारखा लागतात. फवारण्यांची नुसती संख्या पुरत नाही. प्रत्येक फवारणीची तारीख हवी आणि त्याच्या आदल्या दिवशी मोहोरावर किती किडे होते तेही हवं. अनेकांच्या फवारणीच्या वहीत तारीख आणि औषध असतं, किड्यांची मोजणी नसते. नवीन वही घालणार असाल तर तो रकाना आत्ताच आखा.

## ६. तिसऱ्याला शोधा

आता ती आलेखातली रिकामी जागा. खालच्या घोळक्यात बाग १ ते ४, वरच्यात ५ ते ८. मी आठही बागायतदारांना पुन्हा फोन केले आणि यंदा मोहोर कसा आला होता एवढंच विचारलं. पहिल्या चौघांचं उत्तर एकच, मोहोर एकदाच आणि एकदम आला. उरलेल्या चौघांकडे पुनर्मोहोर होता. थंडी लांबली की फळं धरलेल्या झाडावरही पुन्हा मोहोर फुटतो, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको.

पुनर्मोहोर आला की बागेत कोवळा मोहोर आणि बारीक फळं जास्त दिवस असतात. फुलकिड्यांचं पान वाढलेलंच राहतं. म्हणून चट्टे जास्त. आणि मोहोर पुन्हा आला म्हणून तो राखायला फवारण्याही जास्त. दोन्ही आकडे एकाच कारणाने वर गेले असतील, तर एकमेकांशी संबंध नसतानाही ते हातात हात घालून चाललेले दिसतील.

हे तपासायची साधी रीत म्हणजे दोन्ही गट वेगळे करून गुणांक पुन्हा काढायचा. पहिल्या गटाची सरासरी ४ फवारण्या आणि १२ टक्के चट्टे. फरकांच्या जोड्या अशा: (−१, ०), (०, ४), (०, ०), (१, −४). गुणाकारांची बेरीज −४, वर्गांच्या बेरजा २ आणि ३२, २ गुणिले ३२ म्हणजे ६४, त्याचं वर्गमूळ ८. गुणांक −०.५. दुसऱ्या गटाची सरासरी ८ फवारण्या आणि २८ टक्के. जोड्या (−१, ४), (०, −४), (०, ०), (१, ०). तिथेही −०.५.

सगळ्या बागा एकत्र घेतल्या तर +०.८३, आणि मोहोर सारखा असलेल्या बागा आपसात ताडल्या तर −०.५. वहीतला एकही आकडा बदललेला नाही. तो ०.८३ तयार झाला होता दोन घोळक्यांमधल्या अंतरामुळे, आणि ते अंतर मोहोराचं होतं.

इथे दुसरी घाई होते. मला लगेच वाटलं, की चला, म्हणजे फवारणीने चट्टे कमी होतात. तसंही नाही. चार जोड्यांसाठी तोच उंबरठा ०.९५० आहे, त्यापुढे −०.५ म्हणजे काहीच नाही. एका बागेतला एक आंबा इकडचा तिकडे झाला तरी तो बदलेल.

माझा मूळ दावा खोटा ठरला असंही समजू नका. फवारणीने कीड वाढू शकते. सरसकट सगळं मारणारं औषध कोळी आणि इतर मित्रकीटकही मारतं, आणि तेच ते औषध वारंवार मारलं की किडीला त्याची सवय होते. म्हणजे एकाच ०.८३ मागे तीन गोष्टी असू शकतात. फवारणीने किडे वाढले, किड्यांमुळे फवारणी वाढली, किंवा पुनर्मोहोराने दोन्ही वाढवलं. तिन्ही थोड्या थोड्या खऱ्याही असू शकतात. गुणांक तिघींनाही सारखाच पाठिंबा देतो, म्हणून तो एकटा साक्षीदार चालत नाही.

याचा गैरफायदाही घेतला जातो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं १९५० च्या दशकात समोर आलं, तेव्हा संख्याशास्त्रातला दिग्गज रोनाल्ड फिशर हेच म्हणत राहिला, की हा नुसता सहसंबंध आहे, दोन्हींमागे आनुवंशिक कारण असू शकतं. तो स्वतः पाइप ओढायचा. आक्षेप तर्काला धरून होता, पण किती वर्षं आणि किती धूम्रपान केलं त्या प्रमाणात धोका वाढतो, सोडल्यावर तो कमी होत जातो, वेगवेगळ्या पद्धतीच्या पाहण्यांत तेच दिसतं, असे पुरावे साचत गेले आणि फिशर चुकीचा ठरला. तेव्हा 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' एवढं म्हणून कुणी विषय बंद करू पाहत असेल, तर त्याला विचारा, मग तिसरं कारण कोणतं आणि ते वहीत कुठे दिसतं?

## ७. चिठ्ठ्या टाका

याच फिशरने इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती केंद्रावर काम करताना यावरचा उपायही घडवला. कोणत्या तुकड्याला कोणतं खत द्यायचं हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. चिठ्ठीला मोहोर दिसत नाही, म्हणून ती पुनर्मोहोराच्या झाडांकडे झुकत नाही.

आमच्या गटात हे असं बसवलं आहे:

- एकाच बागेतल्या, साधारण एका वयाच्या आणि सारखा मोहोर असलेल्या कलमांच्या १२ जोड्या निवडल्या.
- सुरुवातीच्या फवारण्या सगळ्यांना सारख्या. एकही झाड कोरं सोडायला काका तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं, नुकसान त्यांचं होतं.
- त्यापुढे दर जोडीत नाणं उडवायचं. छापा आलेल्या झाडाला ठरल्या तारखेला फवारणी, दुसऱ्याला फक्त मोहोर झटकून ठरावीक संख्येपेक्षा जास्त किडे पडले तरच.
- जोडीतल्या दोन झाडांमधे एक झाड सोडायचं. वाऱ्याने औषधाचा तुषार शेजारी गेला तर दोन्ही झाडं सारखीच होतात आणि फरक पुसला जातो.
- चट्टे मोजणाऱ्याला कोणतं झाड कोणत्या गटातलं हे सांगायचं नाही.

नाणं उडवल्यावर मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा उडवण्याचा मोह होतो. आमच्याकडे तिसऱ्या जोडीला झाला. पाणंदीलगतचं मोठं कलम 'जास्त फवारणीत' यावं असं सगळ्यांना वाटत होतं. तिथे वाकलात की चिठ्ठीचा उपयोग संपला.

झाडांना खुणेसाठी आम्ही लाल फिती बांधल्या होत्या. चौथ्या दिवशी वानरांनी त्यातल्या निम्म्या सोडवून नेल्या. जोड्यांची यादी वहीत होती म्हणून निभावलं. आता खोडावर चुन्याने नुसते आकडे घातले आहेत, १ ते २४, आणि कोणता आकडा कोणत्या गटातला तो कागद काकांच्या कपाटात आहे.